खांद्यावरून फेक, चाळीस मिनिटं, एक साहेब

साहेबांना सव्वीस चेंडू लागले आणि शिट्टीबाईंची नोकरी टिकली.

असं काहीही झालेलं नाही. शाळेत जाऊन कुणालाही विचारा. मोठ्या बाई म्हणतील, "कुठले चेंडू?" दुसरी 'ब'ची मुलं सांगायला तोंड उघडतील, त्यांच्या वर्गशिक्षिका नुसत्या बघतील, आणि अठ्ठावीस तोंडं मिटतील. तेव्हा आपणही काही ऐकलेलं नाही असं धरू. नोकरी टिकते की जाते याची आपल्याला खरोखरच धाकधूक आहे, चेहरा तसा ठेवू, आणि जिथून सुरुवात करायला हवी होती तिथून करू.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. शाळेची एकुलती एक शिट्टी मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात असायची, कारण ती हरवली तर काय करायचं, असा मोठ्या बाईंचा बिनतोड सवाल होता. म्हणून शिट्टीबाई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायच्या. ती ऐकून मुलं थांबायची, रस्त्यावरच्या रिक्षा थांबायच्या, आणि एकदा शेजारच्या दवाखान्यातला पेशंट इंजेक्शन न घेताच उठून गेला होता. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे दर सत्राच्या शेवटी मोठ्या बाई "बघू" म्हणायच्या.

या वेळी मोठ्या बाई "बघू" म्हणाल्या नाहीत.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शुक्रवारी साहेब येतायत, पाहणीला. तुमचा तास बघणार. दुसरी 'ब', खांद्यावरून फेक."

"खांद्यावरून फेक? पूर्ण तास?"

"चाळीस मिनिटं. पाठाचं टाचण आधी पाठवायचं आहे. आणि त्यांच्या तक्त्यात शेवटी एक प्रश्न असतो." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा फक्त वाईट बातमीसाठी काढायच्या. "'या तासासाठी स्वतंत्र शिक्षक आवश्यक आहे काय?' साहेबांनी 'नाही' वर खूण केली, तर पुढच्या सत्रापासून खेळाचे तास वर्गशिक्षिका घेतील."

"आणि मी?"

"तुम्ही प्रेक्षक म्हणून केव्हाही या," मोठ्या बाई मनापासून म्हणाल्या.

शिट्टीबाई बाहेर आल्या. त्यांना फेकता उत्तम येत होतं. कॉलेजात त्यांनी फेकलेला चेंडू मैदानाबाहेरच्या टाकीवर आपटला होता आणि टाकी अजून गळत होती. पण आपण फेकतो कसं, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. चेंडू हातात यायचा आणि मग तो हातात नसायचा. मधल्या भागाचं टाचण काढायचं होतं.

घरी शिट्टीबाईंना चिमी म्हणायचे. घरात आबा होते, म्हणजे वडील, आणि वहिनी होती. दादा बाहेरगावी कामाला होता आणि या गोष्टीत त्याचे फक्त मोजे येतात.

चिमीनं पहिलं टाचण जेवणाच्या टेबलावर बसून काढलं. प्रस्तावना, फेकीचं महत्त्व, फेकीचे प्रकार, चेंडू कसा धरावा, उभं कसं राहावं, प्रात्यक्षिक, ओळीनं एकेकाची फेक बादलीत, चुका सुधारणं, खेळ, समारोप. बेरीज केली तर एक तास सात मिनिटं झाली.

आबा बस डेपोत वेळापत्रक ठरवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हातात कागद आला की ते अजूनही त्यातले थांबे मोजायचे. त्यांनी टाचण नाकाजवळ धरलं.

"ही गाडी पोचायची नाही," ते म्हणाले.

"आबा, हा पाठ आहे."

"तेच म्हणतोय. पोरं किती?"

"अठ्ठावीस."

"आणि बादल्या?"

"एक."

"म्हणजे अठ्ठावीस उतारू आणि एक दार." आबांनी कागद खाली ठेवला. "एकेकाला अर्धं मिनिट धरलं तरी चौदा मिनिटं गेली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आली एक फेक. उरलेले सत्तावीस काय करणार? मी सांगतो. पुढच्याचा शर्ट ओढणार."

हे खरं होतं. शिट्टीबाईंनी स्वतः शाळेत पुढचीची वेणी ओढली होती, आणि तीही खेळाच्याच तासाला.

"मग प्रत्येकाला एक चेंडू द्यायचा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी एकाच वेळी फेकायचं. ओळ नको, पाळी नको. पण अठ्ठावीस चेंडू आणायचे कुठून? शाळेत तीन आहेत, आणि त्यातला एक दगडासारखा आहे."

वहिनी भाजी निवडत होती. ती उठली, आतून एक पिशवी घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. त्यात मोजे होते. काळे, करडे, भोकाचे, आणि सगळे एकेकटे.

"तुझा भाऊ," वहिनी म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, जोडी म्हणून त्यानं फक्त माझ्याशी जमवली. गुंडाळ आणि घे."

दोन मोजे एकात एक गुंडाळून उलटवले की मुठीत मावेल असा मऊ गोळा होतो. कुणाच्या नाकावर बसला तरी नाक जागेवर राहतं. मुलांचे अठ्ठावीस आणि बाईंचा एक, इतके गोळे झाले आणि दादाला पुढच्या सुट्टीत सँडल घालून फिरावं लागलं.

मग प्रयोग. चिमीनं प्लास्टिकचा डबा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. "आबा, यात टाका."

आबांनी डब्याकडे रोखून पाहिलं, श्वास धरला, पाय जुळवले, कोपर बरगडीला चिकटवलं आणि गोळा पुढे ढकलला. एखाद्या अनोळखी माणसाला पाकीट द्यावं तसा. गोळा डब्यापासून हातभर आधी पडला.

वहिनीनंही तसंच केलं. चिमीनं स्वतः करून पाहिलं आणि तिला धक्का बसला, कारण टाकी फोडणारा तो हात डब्यासमोर आबांचा हात झाला होता. नेम धरायला सांगितलं की अंग आखडतं. कंबर वळत नाही, पाय पुढे पडत नाही, सगळा कारभार मनगटावर येतो.

"आता डबा विसरा," चिमी म्हणाली. तिनं पलंगावरची गादी उचलून भिंतीला टेकवली. "वहिनी, ही गादी. जोरात मार. कुठंही लागू दे, पण आवाज आला पाहिजे."

"जोरात म्हणजे किती?"

"दादा सुट्टीत घरी आला आणि ओला टॉवेल परत पलंगावर टाकला, असं समज."

वहिनी आडवी वळली. हात कानामागे गेला, कोपर खांद्याच्या रेषेत आलं, डावा पाय गादीकडे पडला, कंबर फिरली, तिच्यामागून खांदा आला, आणि गादीनं असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरून काठीनं ठोकलं. फेकून झाल्यावर वहिनीचा उजवा हात पोटावरून डाव्या कमरेशी येऊन थांबला होता.

"हेच!" चिमी ओरडली. "हालू नको! तशीच उभी राहा!"

"भाजी करपेल गं."

"करपू दे!"

वहिनी पुतळ्यासारखी उभी राहिली आणि चिमीनं तिच्यावरून टाचण लिहून काढलं. बादली रद्द झाली. आधी जोर, नेम नंतर कधीतरी, वरच्या इयत्तेत. लक्ष्य कसं हवं, तर मोठं, जागचं न हलणारं, आणि लागल्यावर आवाज करणारं, म्हणजे लागलं की नाही हे मुलाला बाईंना विचारावं लागत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला जुना पत्र्याचा सूचनाफलक होताच.

सूचनांचे शब्द अगदी थोडे ठेवले: बाजू, मागे, पाऊल, फेक. शेवटी हात कुठं जायला हवा यासाठी तिनं 'खिसा' लिहिलं होतं, पण वहिनीनं ते खोडलं. "मुलींच्या स्कर्टला खिसे नसतात. शिवणारे सगळे पुरुष. सीटबेल्ट म्हण. पट्टा लावताना हात असाच आडवा जातो."

पाऊल मात्र अवघड होतं. ज्या हातानं फेकायचं त्याच्या विरुद्ध पाय पुढे, हे सात वर्षांच्या मुलाला सांगितलं तर तो आधी दोन्ही पायांकडे बघतो, मग बाईंकडे, मग रडतो. म्हणून उजवं-डावं हे शब्दच काढून टाकले. दात ज्या हातानं घासता, त्या मनगटाला रिबन. मग डावखुऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. आणि दुसऱ्या बाजूच्या बुटावर खडूची फुली. फुलीचा बूट भिंतीकडे, बस्स.

शेवटी आबांना समोर उभं करून चिमीनं सगळं दाखवलं. "माझ्यासारखं करा." तिनं उजवा हात मागे नेला. समोर उभ्या आबांनी डावा नेला. तिनं डावा पाय टाकला, आबांनी उजवा.

"आबा, उलटं होतंय."

"मी तुझ्यासारखंच करतोय. आरशात बघितल्यासारखं."

बरोबर होतं. समोर तोंड करून दाखवलं की बघणाऱ्याचं उलटं होतं, म्हणजे अख्खा वर्ग नको त्या हातानं फेकणार. तिनं टाचणात लाल शाईनं लिहिलं: 'प्रात्यक्षिकाच्या वेळी शिक्षिका विद्यार्थ्यांकडे पाठ करतील.' ही ओळ तिला फार आवडली. तिनं ती दोनदा अधोरेखित केली. या ओळीनं पुढे काय केलं ते कळेलच.

आबांनी वेळा बसवून दिल्या. अंग मोकळं करायला पाच, दाखवायला चार, पत्र्यावर जोरात फेकायला दहा, जोडीदाराचं पाऊल बघायला सात, 'आपलं अंगण साफ करा' या खेळाला दहा, आणि शेवटी श्वास घेऊन 'आज काय शिकलो' यासाठी चार. बरोबर चाळीस.

"शेवटच्या थांब्यावर एक मिनिट राखून ठेव," आबा म्हणाले.

"कशासाठी?"

"डेपोत कुणी कधी विचारलं नाही," आबा म्हणाले.

शुक्रवारी साहेब आले. उंच, रुंद, शांत माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट. ते मान डोलवायचे, पण हो म्हणून की मान दुखते म्हणून, ते कळायचं नाही. त्यांच्यासाठी मैदानात खुर्ची मांडली होती. टाचणात शिट्टीबाईंनी सुरक्षेचा स्वतंत्र भाग लिहिला होता. सगळ्यांनी एकाच दिशेला फेकायचं. रेषेच्या पुढे कुणी नाही. शिट्टी झाल्याशिवाय चेंडू आणायला कुणी जायचं नाही. पाहुण्यांची खुर्ची रेषेच्या मागे, म्हणजे मैदानातल्या सर्वांत सुरक्षित जागी. रेषेपासून पत्रा जितका पुढे, तितकीच खुर्ची मागे. शिट्टीबाईंना प्रमाण आवडायचं.

दुसरी 'ब'च्या वर्गशिक्षिका मुलांना घेऊन आल्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आणि त्यांच्या शिस्तीचा धाक असा की त्यांच्या वर्गात माशीसुद्धा हात वर करून बसायची. त्या शिट्टीबाईंच्या कानाशी आल्या.

"दाखवायला फक्त चारच मिनिटं ठेवलीस?"

"हो ना. पुरतील का, हीच भीती आहे."

"माझं वापर. 'मी जशी' म्हण. ती 'आम्ही तशी' म्हणतात, आणि मग तू करशील ते हुबेहूब करतात. कवायत मी अशीच घेते. सांगावं लागत नाही, बोलावं लागत नाही. परवा मला शिंक आली, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शिंकले."

शिट्टीबाईंचे डोळे पाणावले. एका नोकरी घेऊ शकणाऱ्या बाईनं दुसरीची नोकरी वाचवायला हत्यार द्यावं, हा मोठेपणाच होता.

अंग मोकळं करण्याची पाच मिनिटं छान गेली. खांदे फिरवले, जागच्या जागी उड्या मारल्या, रिबनी बांधून झाल्याच होत्या, फुल्या मारून झाल्याच होत्या. मुलं रेषेवर उभी राहिली, प्रत्येकाच्या पायाशी एक मोज्याचा गोळा. दोघांमध्ये दोन्ही हात पसरले तरी बोटं लागणार नाहीत इतकं अंतर. साहेबांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. शिट्टीबाई रेषेच्या पुढे, मुलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी जशी!"

"आम्ही तशी!" वर्ग गरजला.

शिट्टीबाईंनी गोळा उचलला. वर्गानं गोळा उचलला. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता त्यांची आवडती, दोनदा अधोरेखित ओळ आली. त्या वळल्या आणि मुलांकडे पाठ केली.

मुलंही वळली आणि त्यांनी शिट्टीबाईंकडे पाठ केली.

हे शिट्टीबाईंना दिसलं नाही. त्यांच्यासमोर पत्रा होता. मुलांसमोर साहेब होते.

"बाजू," शिट्टीबाई म्हणाल्या आणि फुलीच्या बाजूनं लक्ष्याकडे आडव्या उभ्या राहिल्या. मुलांनी मान वळवून वळवून बघितलं आणि फुलीच्या बाजूनं साहेबांकडे आडवी उभी राहिली.

साहेब मान डोलावत होते. पाहणीच्या इतक्या वर्षांत मुलांनी इतक्या लक्षपूर्वक त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"मागे. चेंडू कानामागे, कोपर खांद्याच्या रेषेत."

अठ्ठावीस गोळे कानांमागे गेले. वर्गशिक्षिकांच्या हे लक्षात आलं, पण 'आम्ही तशी' सुरू असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"फुलीचं पाऊल. आणि... जोरात, अगदी जोरात, फेक!"

शिट्टीबाईंनी फेकला. पत्रा धडाडला. त्यांच्या मागे धप, धप, धपधपधप असा, कुणी अंगणात गाद्या झटकाव्यात तसा आवाज आला, आणि त्यात एक जाड "अहो! अहो!"

"पत्र्याचा आवाज फक्त माझाच आला," शिट्टीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "जोर कमी पडतोय."

आणि त्या वळल्या.

साहेब खुर्चीत होते. मोठे, जागचे न हललेले. चष्मा एका कानावर, मांडीवर तीन गोळे, खिशात एक, आणि खुर्चीभोवती दादाच्या सगळ्या मोज्यांचं संमेलन. तक्त्यावर पेनाची एक रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. शिट्टीबाईंच्या मनात आधी नोकरी गेली, मग आबांचा चेहरा आला, मग घरी काय सांगायचं याची तीन वाक्यं आली आणि तिन्ही मोडली.

दोघांचे चेंडू साहेबांना लागले नव्हते. एकाचा खुर्चीच्या पायाला लागला होता. दुसरी बूट बांधत बसली होती आणि ती आत्ता म्हणाली, "बाई, मी आता मारू?"

"नको!" मोठ्या बाई खिडकीतून ओरडल्या. त्या तिथं केव्हापासून होत्या कोण जाणे. लगेच खिडकी बंद झाली, आणि तेव्हापासून त्यांनी काही पाहिलेलं नाही.

साहेबांनी चष्मा सरळ केला. उठले. खाली वाकून एक गोळा घेतला, तो हातात फिरवून पाहिला. मग, माणूस का करतो ते माणसालाच कळत नाही, त्यांनी तो मुलांच्या डोक्यांवरून पत्र्याकडे फेकला.

म्हणजे फेकायला गेले. छाती समोर, कोपर बरगडीला, उजवा हात आणि उजवाच पाय पुढे. गोळा अर्ध्या वाटेत, रेषेच्या अलीकडेच, दमून पडला.

पुढचे दोन दात नसलेली एक मुलगी म्हणाली, "साहेब, पाय चुकला."

"शू!" वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"पण चुकलाच," बाजूचा म्हणाला.

"आणि बाजू पण नाही दाखवली," तिसरा म्हणाला.

"आणि सीटबेल्ट पण नाही! अपघात झाला असता!"

आता 'शू'चा उपयोग नव्हता. सगळे एकदम सांगायला लागले. साहेब उभे होते. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि शिट्टीबाईंना ती आठी 'नाही'च्या चौकटीत खूण करताना दिसायला लागली.

"कुठला पाय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही दात कुठल्या हातानं घासता?" दात नसलेलीनं उलट विचारलं.

साहेबांनी विचार करून उजवा हात वर केला. तिनं स्वतःची रिबन सोडून त्यांच्या मनगटाला बांधली. गाठ काही केल्या बसेना, मनगट जाड होतं. दुसऱ्यानं शिट्टीबाईंच्या हातातून खडू काढून घेतला आणि साहेबांच्या चकचकीत डाव्या बुटावर अशी फुली मारली की वर्गशिक्षिकांनी डोळेच मिटले.

मग वर्गानं साहेबांना शिकवलं. "बाजू!" साहेब आडवे झाले. "मागे!" हात कानामागे गेला. "कोपर वर! अजून! पंखासारखं!" कोपर वर गेलं. इस्त्रीचा शर्ट पँटमधून बाहेर आला. "पाऊल!" फुलीचा बूट पत्र्याकडे पडला. "फेक!"

मधून सगळी मुलं बाजूला झाली होती. सुरक्षेचा भाग पाठ होता त्यांना. पत्रा असा धडाडला की त्यावरची गेल्या कित्येक वर्षांची एक सूचना खाली पडली.

साहेबांचा हात पोटावरून डाव्या कमरेशी येऊन थांबला होता. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आवाज आला."

"आला!" वर्ग ओरडला.

"लहानपणी," साहेब शिट्टीबाईंना हळूच म्हणाले, "मला नेहमी गुण लिहायला बसवायचे. मला फेकता येत नाही म्हणून. मग तेच येत गेलं." आणि ते स्वतःच खाली वाकून मोजे गोळा करायला लागले.

"साहेब, नाही!" अठ्ठावीस आवाज आले. "शिट्टी झाल्याशिवाय नाही!"

साहेब चटकन सरळ झाले. शिट्टीबाईंनी दोन बोटं तोंडात घातली. रस्त्यावर दोन रिक्षा थांबल्या. सगळे धावले.

घड्याळ बघितलं तर बारा मिनिटं झाली होती. दाखवायला चार ठेवली होती, सात लागली. शिट्टीबाईंना आबांचा आवाज ऐकू आला, पुढच्या थांब्यांवर जरा कमी थांब. त्यांनी पत्र्याच्या दहातली तीन कापली. पण आता पत्रा नुसता वाजत होता. सगळे एकाच वेळी, एकाच दिशेला, आणि शिट्टीबाई या वेळी रेषेच्या टोकाला, आडव्या उभ्या, म्हणजे मुलांना त्याही दिसत होत्या आणि लक्ष्यही. हे टाचणात आधीच का सुचलं नाही, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, बरं झालं नाही सुचलं.

जोडीदाराचं पाऊल बघायच्या वेळी साहेबांची जोडी दात नसलेलीशी लागली. ती कमरेवर हात ठेवून उभी. "बरोबर. बरोबर. चूक. परत करा." साहेब परत करत होते.

अंगणाच्या खेळात वर्गाचे दोन भाग झाले. मधे रेषा, आपल्या अंगणातला प्रत्येक गोळा पलीकडे फेकायचा, शिट्टी होईल तेव्हा ज्याचं अंगण जास्त साफ तो जिंकला. नेम कुणी धरत नव्हतं, म्हणून सगळ्यांची कंबर वळत होती. साहेब जिंकणाऱ्या बाजूला होते, असं ते स्वतः म्हणाले. गुण लिहायला कुणीच बसलं नव्हतं.

शेवटी मुलं गोल बसली. शिट्टीबाईंनी चेंडू न घेता सगळ्यांना एकेकदा फेक करून दाखवायला सांगितलं. चौघांचं पाऊल अजून चुकत होतं, बाकीच्यांचं बरोबर होतं. चौघांना आपलं चुकलं हे पाय टेकायच्या आतच कळत होतं, कारण पुढे पडणाऱ्या बुटावर फुली नसायची. हे साहेबांनी खाली वाकून, बघून, लिहून घेतलं.

तास संपल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत साहेबांसाठी पाणी आलं. साहेबांच्या मनगटावर रिबन तशीच होती. कुणी त्याबद्दल बोललं नाही.

"तक्ता," साहेब म्हणाले. आडव्या रेघेला वळसा घालत ते लिहीत गेले. शेवटच्या प्रश्नाशी थांबले. शिट्टीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही पाय जुळवून, कोपर बरगडीला चिकटवून.

"स्वतंत्र शिक्षक आवश्यक आहे काय," साहेबांनी मोठ्यानं वाचलं आणि वर्गशिक्षिकांकडे पाहिलं. "बाई, तुम्ही घ्याल हा तास?"

"मी?" त्या हळूच म्हणाल्या. "मी असते तर बादली ठेवली असती, साहेब. आणि तुम्ही बादलीजवळ गुण लिहीत बसला असता."

साहेबांनी 'होय' वर खूण केली. एकदा केली, मग पुन्हा गिरवली.

शिट्टीबाईंना दोन बोटं तोंडात घालावीशी वाटली. पण साहेबांनी हात वर केला.

"एकच अडचण आहे. टाचण आणि प्रत्यक्ष तास जुळला पाहिजे, नाहीतर वरचं ऑफिस परत पाठवतं. टाचणात साहित्य या सदरात मोजे आहेत, रिबनी आहेत, खडू आहे, पत्रा आहे. तासात आणखी एक गोष्ट वापरली गेली. ती लिहावी लागेल."

"कुठली?" मोठ्या बाईंनी विचारलं, कारण त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

"मी," साहेब म्हणाले. "आणि जे साहित्य शाळेत नाही, त्याची मागणी सोबत जोडायची असते. नियम आहे."

नियमापुढे कुणाचं काय चालतं? शिट्टीबाई तिथंच टेबलावर बसल्या. मोठ्या बाईंनी भाषा सुधारून दिली, वर्गशिक्षिकांनी समास आखून दिला, साहेबांनी 'योग्य त्या मार्गाने सादर' असा शेरा मारला, आणि कागद वरच्या ऑफिसात गेला:

'महोदय, विषय: पाहणी अधिकारी (नग एक) मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, इयत्ता दुसरीच्या खांद्यावरून फेक या पाठासाठी एका पाहणी अधिकाऱ्याची नितांत आवश्यकता भासते. शाळेकडे स्वतःचा अधिकारी नाही. उसना आणलेला त्याच दिवशी संध्याकाळी परत करावा लागतो. तरी पुढील सत्रापासून दर शुक्रवारी एक अधिकारी, शक्यतो हेच, ते उपलब्ध नसल्यास याच आकाराचे, शाळेस कायमस्वरूपी देण्यात यावेत. त्यांना सावलीत ठेवण्याची व वेळोवेळी पाणी देण्याची हमी शाळा घेत आहे. वापरताना झीज झाल्यास ती नैसर्गिक समजण्यात यावी, ही नम्र विनंती.'